‘मी पुढे गेले, ते तिथेच राहिले’ : वाढ आणि तुच्छता यांतील सीमारेषा



निकाहानंतर दहा-पंधरा वर्षांनी काही घरांमध्ये एक वेगळ्याच प्रकारची तक्रार जन्म घेते. तिच्यामागे मारहाण नसते, उपासमार नसते, दुराचारही नसतो. पती-पत्नींपैकी एकाने मधल्या काळात शिक्षण घेतलेले असते, परगावी किंवा आखाती देशात नोकरी केलेली असते, कुरआनच्या अभ्यासवर्गाला जाऊन दीनची समज मिळवलेली असते. दुसरा जोडीदार मात्र निकाहाच्या दिवशी होता तसाच आहे, असे त्याला वाटू लागते. मग तो म्हणतो, “मी पुढे गेलो, ती तिथेच राहिली.” किंवा ती म्हणते, “मी बदलले, ते बदललेच नाहीत. आता आमच्यात बोलण्यासारखे काही उरले नाही.”

हे वाक्य उच्चारणारा खोटे बोलत असतोच असे नाही. माणसे बदलतात आणि सर्व माणसे एकाच वेगाने बदलत नाहीत. परंतु याच वाक्याच्या आड दोन अगदी भिन्न गोष्टी राहू शकतात. एक म्हणजे वाढ. ती अल्लाहची देणगी आहे. दुसरी म्हणजे तुच्छता. ती अंतःकरणाचा रोग आहे. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात आणि ज्याच्या मनात त्या आहेत त्यालाही पुष्कळदा त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. या लेखात आपल्याला ही ओळख कशी पटवावी एवढेच पाहायचे आहे.

इमाम गजाली (रह.) यांनी आखलेली रेषा

इमाम गजाली (मृत्यू इ.स. 1111) यांनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, माणसाचा नाश करणाऱ्या दुर्गुणांच्या विवेचनात, ‘उज्ब’ आणि ‘किब्र’ यांचा एकत्र विचार केला आहे. उज्ब म्हणजे स्वतःवरच खूष होणे. किब्र म्हणजे स्वतःला दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ समजणे. दोन्ही दोषच आहेत, पण त्यांच्यातील फरक दाखवताना इमामसाहेब एक मार्मिक गोष्ट सांगतात. जगात एकच मनुष्य निर्माण झाला असता, तरी त्याला उज्ब जडू शकला असता. किब्र मात्र जडू शकला नसता. कारण किब्रला ज्याच्यापेक्षा आपण वरचढ आहोत असा कोणीतरी दुसरा समोर लागतोच.

आपल्या प्रश्नाची किल्ली या फरकात आहे. खऱ्या वाढीला दुसऱ्याचे लहानपण लागत नाही. आपण एखादी भाषा शिकलो, एखादी वाईट सवय सोडली, कुरआनची एखादी सूरह समजून वाचली, तर त्याचा आनंद घरात दुसरे कोणी नसतानाही तेवढाच राहतो. तुच्छतेला मात्र रोज एक खालचा माणूस हवा असतो. जोडीदाराने चूक केली की तिला दुःखाबरोबर एक सूक्ष्म समाधानही मिळते : “बघा, मी म्हणत नव्हते का?” ज्या दिवशी जोडीदार काही चांगले बोलतो किंवा चांगले करतो, त्या दिवशी ही तुच्छता अस्वस्थ होते, कारण तिचा आधारच निसटू लागतो.

याच विवेचनात इमामसाहेबांनी माणूस ज्या गोष्टींमुळे गर्व करतो त्यांची सात कारणे सांगितली आहेत. त्यांत पहिले स्थान त्यांनी धनाला किंवा सौंदर्याला दिलेले नाही. पहिले कारण ज्ञान आहे आणि दुसरे कर्म व उपासना. म्हणजे माणसाला उंच नेणाऱ्या याच दोन गोष्टी त्याच्या गर्वाची पहिली सामग्री होतात. म्हणून जो खरोखर वाढला आहे, त्याने स्वतःला तपासण्याची गरज इतरांहून अधिक आहे.

एक घर

हा विचार हवेत राहू नये म्हणून एका घराचे उदाहरण पाहू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे दुकान चालवणारा एक गृहस्थ आहे. निकाह झाला तेव्हा पत्नी बारावी उत्तीर्ण होती. पुढे दोन मुले झाल्यावर तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, नंतर बी.एड. केले आणि एका माध्यमिक शाळेत ती शिक्षिका झाली. त्याच काळात ती स्त्रियांच्या कुरआन अभ्यासवर्गालाही जाऊ लागली. चौदा वर्षांनंतर ती आमच्या घरी माझ्या पत्नीकडे आली आणि पुढे थोरल्या भावासह माझ्यासमोर बसून म्हणाली, “मौलाना, ते वाईट नाहीत. पण मला आता त्यांच्याजवळ बसावेसेही वाटत नाही. मी खुला मागितला तर गुन्हा होईल का?”

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देण्यापूर्वी एक काम करावे, असे तिला सुचवले. दोन आठवडे एक वही जवळ ठेवायची. पतीविषयी मन कडवट होईल तेव्हा एका बाजूला नेमके काय घडले ते लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले ते लिहायचे. ही वही कोणालाही दाखवायची नाही. पतीचे दोष चारचौघांत मांडणे हा तिचा हेतू नव्हे. फक्त शेवटी ती नोंदींचे वर्गीकरण घेऊन येणार होती.

वहीत चौदा नोंदी झाल्या. त्यांची तिने तीन गटांत विभागणी केली.

पहिल्या गटात तीन नोंदी होत्या आणि त्या खरोखरच्या चुका होत्या. पतीने तिला न सांगता खाजगी सावकाराकडून व्याजाने रक्कम उचलली होती. फज्रची नमाज वारंवार सुटत होती. मुलाच्या शाळेतील पालकसभेला येण्याचा शब्द देऊन तो आला नव्हता. या गोष्टी तिच्या शिक्षणापूर्वी घडल्या असत्या तरी चुकाच ठरल्या असत्या. त्यांचा वाढीशी किंवा तुच्छतेशी संबंध नाही. त्यांबद्दल बोलणे तिचा हक्क होता, आणि सौम्यपणे बोलणे तिचे कर्तव्यही.

दुसऱ्या गटात चार नोंदी होत्या आणि त्यांत भूक होती. वर्गात एक धडा चांगला रंगला, तो कोणाला तरी सांगावासा वाटला, पण सांगता आला नाही. अभ्यासवर्गात एका आयतीचा अर्थ ऐकून डोळे भरून आले, घरी आल्यावर तो विषय काढायचे धाडस झाले नाही. येथे पतीने काहीही चुकीचे केलेले नव्हते. येथे एकटेपण होते आणि ते खरे होते. वाढ माणसाला नव्या गरजा देते आणि जुन्या घरात त्या गरजांसाठी जागा केलेली नसते. या दुःखाला गर्व म्हणणे अन्याय होईल.

तिसऱ्या गटात सात नोंदी, म्हणजे एकूण नोंदींच्या निम्म्या होत्या. नखांत काळे ग्रीस असलेल्या हातांनी तो जेवायला बसला. बशीत चहा ओतून आवाज करत प्यायला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांशी घरच्या दखनीमिश्रित मराठीत बोलला. कुरआनचे पठण करताना एका अक्षराचा उच्चार चुकला. आणि दुसऱ्या बाजूला मनातली वाक्ये अशी : “अडाणी तो अडाणीच.” “याला कुठे काय कळते?” “लोक काय म्हणत असतील मला?”

तिने स्वतःच एक गोष्ट हेरली. हे हात, हा चहा, ही बोली निकाहाच्या दिवशीही होती. चौदा वर्षांत त्यात काहीच बदल झाला नव्हता. बदल झाला होता तो पाहणाऱ्या डोळ्यांत. आणि ते डोळे तरी पूर्ण तिचे होते का? सातपैकी पाच नोंदींत शाळेच्या शिक्षकखोलीतील कोणीतरी हजर होते, प्रत्यक्ष किंवा मनातल्या मनात. ती पतीला स्वतःच्या नजरेने पाहत नव्हती. आपले सहकारी त्याला कसे पाहतील, याची कल्पना करून पाहत होती. हे वाढीचे लक्षण नव्हे. ज्ञान वाढलेल्या माणसाला लोकांच्या नजरेपासून थोडी अधिक मुक्ती मिळायला हवी. येथे उलट झाले होते.

प्रेषितांनी (स.) दिलेल्या दोन खुणा

आता वहीशिवाय, रोजच्या व्यवहारात तुच्छता कशी ओळखावी? सहीह मुस्लिममध्ये एक प्रसिद्ध हदीस आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) गर्वाविषयी बोलत असता एका माणसाने विचारले की, आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे वाटणे हाही गर्व का? प्रेषितांनी (स.) ते नाकारले आणि सौंदर्य अल्लाहला प्रिय असल्याचे सांगितले. मग गर्व म्हणजे काय हे दोनच गोष्टींत स्पष्ट केले : सत्य धुडकावणे आणि लोकांना क्षुद्र लेखणे.

या हदीसचा पूर्वार्ध प्रथम ध्यानात घ्यावा. चांगल्याची इच्छा म्हणजे गर्व नव्हे. चांगली भाषा, स्वच्छ राहणी, वाचन, सखोल संभाषण यांची ओढ असणे निर्दोष आहे. ज्या पत्नीला किंवा पतीला “शिकलीस म्हणून शिष्ट झालीस” असे टोमणे ऐकावे लागतात, त्यांच्या बाजूने ही हदीस उभी आहे.

उत्तरार्धातील दोन खुणा मात्र जशाच्या तशा आपल्या घरात लावून पाहाव्यात.

पहिली खूण अशी : जोडीदाराच्या तोंडून योग्य गोष्ट निघाली तर मी ती स्वीकारतो का? आपल्या उदाहरणातील बाई एका भिशीत पैसे घालण्याच्या विचारात होत्या. पती म्हणाला, “त्या माणसाचे गेल्या वर्षीचेच हिशेब पुरे झालेले नाहीत, त्यात पडू नकोस.” तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले. दोन दिवसांनी एका सहशिक्षिकेने नेमका तोच सल्ला दिला आणि तिने तो लगेच मानला. सत्य तेच होते, फक्त तोंड वेगळे होते. सत्याचे वजन जेव्हा सांगणाऱ्याच्या पदवीवर ठरू लागते, तेव्हा पहिली खूण पुरी झाली असे समजावे. वास्तविक बाजारातील माणसे ओळखण्याचे ज्ञान पतीजवळ तिच्यापेक्षा अधिक होते. वीस वर्षे दुकान चालवून ते आले होते. त्या ज्ञानाला प्रमाणपत्र नव्हते एवढेच.

दुसरी खूण अशी : मी कृतीबद्दल बोलतो की माणसाबद्दल? “आज पालकसभेला तुम्ही आला नाहीत, मुलगा वाट पाहत होता” ही कृतीबद्दलची तक्रार आहे. “तुम्हाला मुलांच्या शिक्षणाची किंमत काय कळणार?” हा माणसावरचा निकाल आहे. पहिल्या वाक्याला उत्तर देता येते, क्षमा मागता येते, सुधारणा करता येते. दुसऱ्या वाक्याला उत्तरच नसते, कारण त्यात समोरच्याचे अस्तित्वच खाली ढकललेले असते. दिव्य कुरआनने सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची थट्टा करण्यास, दोष काढून टोचण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास मनाई केली आहे. तेथे पुरुषांचा उल्लेख झाल्यावर स्त्रियांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि कारणही दिले आहे : ज्याची थट्टा होते आहे तो थट्टा करणाऱ्यापेक्षा चांगला असू शकतो. मनात ठेवलेले ‘अडाणी’ हे नावही नावच आहे. ते ओठांवर आले नाही तरी भुवईत, सुस्काऱ्यात आणि अर्ध्यावर तोडलेल्या वाक्यात दिसतेच. इमाम गजालींनीही किब्र अंतःकरणात राहतो आणि त्याची फळे अवयवांवर दिसतात, असेच म्हटले आहे.

येथे एक अट जोडली पाहिजे. या खुणा दोघांनाही लागू आहेत. त्याच घरात पतीही अधूनमधून म्हणत असे, “आली मोठी मास्तरीण!” हीसुद्धा तुच्छताच. मागे राहिल्याची भीती तिच्या मुळाशी असते आणि पुढे गेलेल्याला खाली खेचण्याचा तिचा प्रयत्न असतो. एकाची तुच्छता वरून येते, दुसऱ्याची खालून. घर दोन्हींनी पोखरते.

वाढ कोणाच्या खर्चाने झाली?

तुच्छतेला एक सवय असते. ती आपली वाढ एकट्याची मानते. म्हणून तिच्यावर एक चांगला उपाय म्हणजे हिशेब. सूरह बकराच्या 237 व्या आयतीत, जेथे तलाकानंतरच्या मेहरचा विषय चालू आहे, तेथे अल्लाहने परस्परांतील औदार्य विसरू नका असे बजावले आहे. विभक्त होणाऱ्या जोडप्यालाही जर ही आज्ञा आहे, तर एका छताखाली राहणाऱ्यांना ती किती अधिक लागू पडेल!

त्या बाईंना विचारले की, बी.एड.च्या काळात दुपारी मुले कोणाजवळ असत? शुल्क कोठून भरले गेले? परीक्षेच्या केंद्रावर कोण सोडत असे? उत्तर देताना तिचा आवाज खाली आला. शुल्क दुकानातून आले होते. परीक्षेच्या आठवड्यात पती दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मुलांना सांभाळत असे आणि तिला चाळीस किलोमीटरवरच्या केंद्रावर दुचाकीने नेत असे. नातेवाइकांनी “बायकोला एवढे शिकवून काय करणार?” असे विचारले, तेव्हा तो एकच वाक्य बोलला होता : “तिला येते, म्हणून ती शिकते.” ज्या काळात ती वाढत होती त्या काळात तो ‘तिथेच’ होता हे खरे, पण तो तिथे होता म्हणूनच तिला निघता आले.

हा हिशेब कशासाठी करावा आणि कशासाठी करू नये, हेही स्पष्ट असावे. “त्याने एवढे केले, म्हणून तू आता तोंड उघडू नकोस” असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उपकाराने भूक मिटत नाही आणि दुसऱ्या गटातील चार नोंदी या हिशेबाने पुसल्या गेल्या नाहीत. हिशेबाने फक्त चित्र खरे होते. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) श्रद्धावान पतीला शिकवले आहे की त्याने श्रद्धावान पत्नीचा द्वेष करू नये; तिचा एक स्वभाव नावडला तर दुसरा आवडेल. ही शिकवण पतीला उद्देशून आहे, तथापि तिच्यातील तराजू पत्नीच्याही हाती द्यावा असाच आहे. त्यात नावडता स्वभाव नाकारलेला नाही. त्याच्यासमोरच्या पारड्यातही काही आहे, ते पाहा, एवढेच सांगितले आहे.

निकालाऐवजी मागणी

पुढचे पाऊल बोलण्याचे होते. चौदा वर्षांचा निकाल पतीला ऐकवण्याऐवजी तिने एकच मागणी मांडावी, असे ठरले. ती म्हणाली, “मगरिबनंतर वीस मिनिटे आपण दोघांनी बसावे. मी शाळेतले सांगीन, तुम्ही दुकानातले सांगा. मोबाइल बाजूला.” पतीने ऐकून घेतले आणि जे उत्तर दिले ते तिच्या वहीत कोठेच नव्हते. तो म्हणाला, “तू वर्गात पोरांना समजावून सांगतेस. मला कधी सांगितलंस? तू ठरवूनच टाकलंस की मला कळणार नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुष्कळदा जोडीदार मागे राहिलेला नसतो. आपण त्याला सांगणे थांबवलेले असते. वाढीची पहिली काही वर्षे माणूस उत्साहाने घरी येऊन सांगतो. दोन-तीनदा थंड प्रतिसाद मिळाला की तो बाहेर सांगू लागतो. पुढे बाहेरचेच लोक आपले वाटतात आणि घरातला माणूस ‘न वाढलेला’ ठरतो. दरी रुंदावण्यात दोघांचाही हात असतो. कोणी तिला खणतो, कोणी नुसता पाहत राहतो.

वीस मिनिटांच्या त्या बैठका चालू राहिल्या. व्याजाच्या रकमेचा विषयही त्यांतच निघाला आणि ती फेडण्यासाठी दोघांनी मिळून महिन्याचा हप्ता ठरवला. पठणातील उच्चार सुधारावा असे पतीलाच वाटू लागले आणि तो इशानंतर मशिदीत बसू लागला. तिने शिकवले असते तर त्याला ते जड गेले असते. मात्र सर्व काही बदलले असे नाही. तो आजही पुस्तके वाचत नाही. साहित्यावर बोलण्यासाठी तिला मैत्रिणीच लागतात, आणि तिने ते स्वीकारले आहे. सूरह रूमच्या एकविसाव्या आयतीत अल्लाहने दाम्पत्याचा उद्देश शांती सांगितला आहे आणि त्यासाठी दोघांत प्रेम व दया ठेवल्याचे म्हटले आहे. तेथे समान विद्वत्तेची अट नाही. आपल्या प्रत्येक बौद्धिक गरजेची पूर्ती एकाच माणसाने करावी, ही अपेक्षा निकाहावर त्याच्या वाट्याला न आलेले ओझे लादते.

दीनमध्ये पुढे गेल्याचा भास

ज्यांची वाढ उपासनेत झाली आहे त्यांच्यासाठी एक घटना स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. ती सहीह बुखारीत आली आहे. हजरत सलमान (रजि.) आपले बंधुत्वाच्या नात्याने भाऊ असलेल्या हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा (रजि.) त्यांना अगदी साध्या, दुर्लक्षित वेशात दिसल्या. कारण विचारता त्या म्हणाल्या की तुमच्या भावाला या जगाची काही गरजच उरलेली नाही. अबू दरदा दिवसा रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. सलमान (रजि.) यांनी त्यांना जेवायला लावले, रात्री झोपायला लावले, शेवटच्या प्रहरी दोघांनी नमाज पढली, आणि मग सांगितले की पालनकर्त्याचा, स्वतःचा आणि घरच्यांचा असे तिघांचेही हक्क आहेत, ज्याचा त्याला द्यावा. हे प्रेषितांच्या (स.) कानी गेले, तेव्हा सलमान खरे बोलले असा निर्वाळा त्यांनी दिला.

अबू दरदा (रजि.) यांची उपासना खरी होती, तिच्यात दिखावा नव्हता. तरीही ती पुरी आहे की नाही याची पहिली साक्ष त्यांच्या पत्नीच्या वेशाने दिली. म्हणून जो पती म्हणतो, “मी दीनवर आलो, ही मात्र अजून दुनियेतच आहे,” त्याने प्रथम पाहावे की त्याच्या दीनदारीचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचला का? त्याचा आवाज पूर्वीपेक्षा मऊ झाला का? घरकामात त्याचा हात लागू लागला का? ज्या प्रगतीने घरच्या माणसाच्या वाट्याला फक्त उपदेश आले, तिला प्रगती म्हणण्याची घाई करू नये.

विभक्त होण्याची वाट बंद आहे का?

नाही. आणि हे न सांगितल्यास हा लेख अपुरा राहील. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नी प्रेषितांकडे (स.) आल्या. पतीच्या धर्मनिष्ठेबद्दल किंवा स्वभावाबद्दल आपली तक्रार नाही, पण या संसारात राहून आपल्याकडून कृतघ्नता घडेल अशी भीती वाटते, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. मेहर म्हणून मिळालेली बाग परत करण्यास त्या तयार आहेत का, एवढे विचारले. त्यांनी होकार दिला आणि त्यांची सुटका झाली. हीही बुखारीतीलच हदीस आहे.

या घटनेत एक बारीक गोष्ट आहे. त्या स्त्रीला वेगळे होण्यासाठी पतीला खाली दाखवण्याची गरज भासली नाही. मन जुळत नाही हे सत्य तिने, त्याचा मान राखून, सांगितले. ज्याला निघायचे आहे पण निघण्यासाठी आधी जोडीदाराला क्षुद्र ठरवावे लागते, त्याने थोडे थांबावे. त्याचा निर्णय अजून पिकलेला नसतो. तुच्छता त्याला ढकलत असते. मतभेद वाढले तर सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीप्रमाणे दोन्ही घरांतून एकेक समंजस मध्यस्थ नेमावा. नात्यातील सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस मध्यस्थ म्हणून उपयोगी पडत नाही. दोघांचेही ऐकणारा हवा.

आणि जेथे जुलूम आहे, मारहाण आहे, खर्च रोखला जातो आहे, तेथे हा लेख लागू करू नये. अन्यायाला अन्याय म्हणणे ही तुच्छता नव्हे. “तुझ्या मनात गर्व आहे म्हणून तुला त्रास होतो” असे पीडितेला ऐकवणे हा दुसरा जुलूम होईल. तेथे वडीलधाऱ्यांची आणि गरज पडल्यास कायद्याची मदत घ्यावी.

बाकीच्यांनी वही घ्यावी. दोन आठवडे, दोन बाजू, मग तीन गट. चुकांबद्दल सौम्यपणे बोलावे, भुकेसाठी मागणी करावी, आणि तिसऱ्या गटातील नोंदी जोडीदाराला न दाखवता नमाजेच्या चटईवर न्याव्यात. त्यांचा इलाज तौबा आहे. सर्वांत पहिल्यांदा “मी त्याच्यापेक्षा श्रेष्ठ आहे” असे म्हणणारा इब्लीस होता. त्याचे ज्ञान थोडे होते म्हणून तो घसरला नाही, आदमला (अलै.) त्याने केवळ माती म्हणून पाहिले, म्हणून घसरला. आपल्या घरातल्या माणसाच्या नखांतील माती आपण कोणत्या डोळ्यांनी पाहतो, हे ज्याने त्याने तपासावे.

हे अल्लाह, आम्हाला दिलेल्या ज्ञानाला आमच्या घरच्यांसाठी दया बनव आणि आमच्या अंतःकरणांना किब्रपासून सुरक्षित ठेव. आमीन.